जाळी कोणी बसवायची

आमच्या ग्रामसंघाच्या सभेचं इतिवृत्त जीवन लिहितो, आणि त्यात माणूस एकही नसतो. सगळी कामं आपोआप होतात. ताडपत्री आणण्यात येते, वजनकाटा तपासून घेण्यात येतो, गोदामातल्या उंदरांचा बंदोबस्त करण्यात येतो. कोण आणतं, कोण तपासतं, उंदरामागं कोण धावतं, त्याचा पत्ता नाही. वाचलं की वाटतं, गावातली माणसं सगळी निघून गेली आणि मागं भुतं राबून राह्यली.

मी कलाबाई. वडनेर भोलजीच्या अलीकडं आमचं गाव, तिथल्या महिला ग्रामसंघाची अध्यक्ष. बचत गटांच्या बायांनी मिळून डाळ मिल घातली. लोक तूर आणतात, आम्ही डाळ करून देतो. जीवन त्या मिलचा व्यवस्थापक, माझ्या चुलत दिराचा मुलगा. घरी मला काकू म्हणतो, सभेत अध्यक्ष मॅडम म्हणतो, आणि दोन्हीकडं ऐकत नाही. खामगावला कॉलेजात शिकला. शिकून एवढंच आणलं की साधी गोष्ट साधी सांगायची त्याला लाज वाटते.

मी तिसरीतून उठले. अक्षराला अक्षर लावून वाचते, पण वाचण्यापेक्षा मी ऐकते. कागद डोळ्याला सहज फसवतो, कानाला फसवताना अडखळतो. म्हणून सही करायच्या आधी मी इतिवृत्त मोठ्यानं वाचून घेते आणि प्रत्येक विषयाला तीन गोष्टी विचारते. काय ठरलं, कोण करणार, कधी. हे मला कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं नाही. प्रशिक्षणात आम्हाला फुगे फुगवायला लावले होते. हे मी लग्नाच्या यादीवरून शिकले. सोयरीक जुळली की दोन्हीकडची माणसं बसून यादी लिहितात, मंडप कोणाचा, आचारी कोण सांगणार, पाणी कोण भरणार. माझ्या नणंदेच्या लग्नाची यादी वरपक्षाच्या एका मास्तरानं लिहिली. मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पाण्याची सोय करण्यात यावी.' त्यांना वाटलं आम्ही भरू, आम्हाला वाटलं ते. वैशाखात वरात आली आणि टाकी कोरडी. नवरदेव घोड्यावरून उतरून बाशिंगासकट हापशीवर गेला. तेव्हापासून 'करण्यात यावी' ऐकलं की माझ्या घशाला कोरड पडते.

तर यंदा तूर घरात आली, मिल सुरू करायचे दिवस आले, आणि आम्ही सभा घेतली. त्या सभेत राबिया उठून उभी राहिली.

राबिया मिल चालवते. सुगराबीची सून. सुगराबी आमच्या कार्यकारिणीत आहे, पण तिला सभेत बोलतं करणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं. राबियाही त्या दिवसापर्यंत सभेत कधी बोलली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "मोटरीच्या पट्ट्यावरची जाळी काढली ते काढलीच. मागच्या हंगामात माही ओढनी त्या पट्ट्यात गेली. जुनी व्हती म्हनून फाटली. नवी असती त मी आज उभी नसती."

जाळीची गोष्ट अशी. मागच्या वर्षी मोटरीची पुली बदलून मोठी बसवली. जुनी जाळी तिच्यावर बसेना, तेव्हा कडूबानं ती काढून भिंतीला टेकवून ठेवली. कडूबा नांदुऱ्याचा वेल्डिंगवाला. तेव्हापासून पट्टा उघडा फिरतो, आणि जाळीवर कोंबड्या बसतात.

जीवन म्हणाला, "ओढणी कंबरेला बांधत जा ना."

"बांधली व्हती. सुटली," राबिया म्हणाली. "आन हात कुठं बांधू?"

मग मी सांगितलं की जाळी बसत नाही तोवर मिलचं बटन कोणी दाबायचं नाही. कबूल असेल त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले. व्यवस्थापकाला मताचा हात नसतो, तरी जीवननंही केला. सुगराबी "हाव" म्हणाली, तेसुद्धा ऐकू येईल असं. त्यानंतर उंदरांचा विषय निघाला. उंदरांवर आमच्या बाया इतक्या बोलल्या की राहिलेली सभा उंदरांनीच खाल्ली.

शुक्रवारी योगिनी इतिवृत्त घेऊन माझ्या घरी आली. योगिनी आमची लिपिका, पंजाबराव पाटलांची सून, बी.ए. झालेली. सभेत ती कच्चं लिहून घेते. मग ते जीवनकडे जातं आणि जीवन कॉम्प्युटरवर शुद्ध करतो.

मी शेंगा फोडत होते. म्हटलं, "वाच."

तिनं सुरुवात केली. "'विषय क्रमांक दोन. वजनकाटा पुढील सभेपूर्वी तपासून घेण्यात यावा.'"

"पुढची सभा कवा हाय?"

तिनं पान उलटून पाहिलं. "तारीख ठरली नाही."

"म्हंजे सभा घेतलीच नाही त काटा जन्मभर तपासाचा नाही. बरं, कोन तपासून आननार?"

"लिहिलं नाही."

"तीन?"

"'ताडपत्रीबाबत आवश्यक ती कार्यवाही करावी.'"

"आवश्यक कोनती? घ्यायची का शिवायची?"

"त्यावर नुसतीच चर्चा झाली होती काकू. ठरलं काहीच नव्हतं."

"मंग तसं लिवाव ना. काही ठरलं नाही. लाज वाटते का? चार वाच."

चौथा विषय मिलचा होता. योगिनीनं वाचला. "'डाळ मिलच्या सुरक्षिततेबाबत सविस्तर व साधकबाधक चर्चा करण्यात आली. पट्ट्यास जाळी बसविण्यात यावी व त्याबाबत हंगामापूर्वी योग्य ती कार्यवाही व्हावी. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक कलाबाई. अनुमोदक सुगराबी.'"

"पुढं?"

"पुढं विषय पाच. उंदीर."

"मिल बंद ठेवाचं ठरलं व्हतं, ते कुठं गेलं?"

तिनं पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "इथं नाही."

"तू लिहलं व्हतं का?"

"माझ्या कच्च्यात आहे. 'जाळी बसेपर्यंत मिल सुरू करायची नाही, सर्वांनी हात वर केले.' जीवनभाऊंनी शुद्ध करताना काढलं असंल."

"शुद्ध करताना," मी म्हटलं. "खडे ठेवले आन गहू पाखडून देल्ला. भारीच शुद्ध."

योगिनी म्हणाली, "काकू, सोमवारी मिल सुरू होऊन राह्यली. जीवनभाऊंनी ग्रुपवर टाकलं, आपापली तूर घेऊन या म्हणून."

शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि चप्पल घातली. योगिनीला म्हटलं, चल, आणि तुझं कच्चंही घे.

जीवन मिलवर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यामागं पट्टा तसाच उघडा, आणि भिंतीला टेकलेल्या जाळीवर कोंबड्यांनी आपलं इतिवृत्त लिहून ठेवलेलं.

"जीवन, जाळी बसली का?"

"प्रक्रियेत आहे काकू."

"प्रक्रिया कोनाच्या घरी हाय? मी जाऊन भेटतो तिले."

"काकू, ते काम तुमच्याकडं आहे ना."

"माह्याकडं?"

"ठरावाखाली नाव तुमचं आहे. सूचक."

असा प्रकार. ग्रामसंघाच्या प्रत्येक ठरावाखाली दोन नावं असतात. ज्यानं तो मांडला तो सूचक, ज्यानं त्याला दुजोरा दिला तो अनुमोदक. बोलायचं काम त्यांचं, ते त्यांनी केलं, संपलं. आता हा पदवीधर मला सांगून राह्यला की जिनं जाळी बसवा म्हटलं तिनंच ती खांद्यावर घेऊन यायची. उद्या कोणी शाळेत शिक्षक द्या म्हटलं तर त्यानंच जाऊन फळ्यापुढं उभं राहावं.

तेवढ्यात सुगराबी राबियाचा डबा घेऊन आली. मी तिला विचारलं, "सुगराबी, जाळी कोन बसवनार व्हतं?"

"तुमी," ती म्हणाली. "जीवननं कागद दाखवला, त्यात तुमचं नाव वरतं, माहं खालतं. मले वाटलं तुमी बसवान, मी खालून धरीन."

कडूबाला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, मले नव्या पुलीचं मापच कोनी देल्लं नाई. माप भेटलं की जाळी झाली समजा. मी वाट पाहून राह्यलो."

म्हणजे जीवन माझी वाट पाहत होता, सुगराबी माझी, कडूबा मापाची. आणि मला वाटत होतं की मिलचं काम आहे, व्यवस्थापक करील, नाहीतर त्याला ठेवलं कशाला. खाली दोन नावं ठळक लिहिलेली होती, म्हणून तिसरं नाव नाही हे कोणाला दिसलंच नाही. किती वर्षांचे ठराव असे सूचक-अनुमोदकाच्या भरवशावर झोपले असतील, त्याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. केला असता तर सगळ्या गावाला शिव्या देत फिरावं लागलं असतं.

"बरं, जाळीचं जाऊ दे," मी जीवनला म्हटलं. "मिल बंद ठेवाचं काऊन काढलं?"

तो लपवालपवी करणाऱ्यांतला नाही. लपवायला आधी चूक समजावी लागते. तो म्हणाला, "काकू, हे इतिवृत्त वर ऑफिसात जातं. मिल बंद लिहिलं की शंभर प्रश्न येतात. सकारात्मक लिहावं लागतं."

"उद्या राबियाचा हात गेला त काय लिवशीन? 'हात देण्यात आला'?"

राबिया आत चाळणी झाडत होती. तिचा झाडू थांबला.

जीवन म्हणाला, "असं अशुभ बोलू नका. आणि ठरावात बंद हा शब्द नाही, त्यामुळं मी सोमवारी सुरू करणार. लोकांना तारीख दिली आहे."

"लोकायले तारीख देल्ली. जाळीले नाई."

"जाळी होईल हंगामापूर्वी."

"कोनता हंगाम? तूर कापून, झोडून घरात पडली. तुहा हंगाम सोमवारी लागून राह्यला. का पुढच्या सालचा धरतं?"

त्यावर तो मोबाइलमध्ये पाहू लागला. हल्लीची माणसं उत्तर नसलं की मोबाइलमध्ये पाहतात. आमच्या वेळी आकाशाकडं पाहायचे, तेवढं तरी बरं दिसायचं.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा राबिया मागून आली. हळूच म्हणाली, "मावशी, जीवनभाऊ म्हनले, तुले भेव वाटत असंन त दुसरी बाई पाहू. मले काम सोडाचं नाई. पन त्या पट्ट्याजवळ उभं राहाले पाय घेत नाई."

"तू कायले सोडतं," मी म्हटलं. "घरी जा. सोमवारी ये."

घरी आल्यावर योगिनीला ओट्यावर बसवलं. "लिव्ह. मिल जाळी बसेपर्यंत बंद. जाळी बसवाची जबाबदारी जीवनची. मुदत रविवार."

तिनं पहिलं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवला.

"काय झालं?"

"काकू, दुसरं सभेत ठरलं नव्हतं."

"मी सांगतो ना."

"मिल बंद ठेवायचं ठरलं होतं. ते राहून गेलं, तेव्हा ते घालायलाच पाहिजे. अजून तुमची सही झाली नाही, हा मसुदा आहे, दुरुस्ती होते. माझ्या कच्च्यात आहे आणि हात वर करणाऱ्या बाया गावातच आहेत, त्यांना वाचून दाखवू. पण जाळी कोण बसवणार, कधी, हे त्या दिवशी कोणीच बोललं नाही. तुम्हीही नाही. आज घरी बसून नाव घातलं तर जीवनभाऊंनी काढून खोटं केलं, आपण घालून खोटं केलं. फरक काय राहिला?"

"मंग त्या जागी काय लिवाचं? कोंबडी काढाची का?"

"'जबाबदारी आणि मुदत सभेत ठरली नाही.' जसं झालं तसं."

मला राग आला. पंजाबराव पाटलाच्या घरात या पोरीला कसं सोसत असतील कोण जाणे. ओट्यावर माझ्या, कागद माझ्या ग्रामसंघाचा, आणि मलाच सांगते. पण बोलायला जागा नव्हती. जसं झालं तसं लिहायचं, हे मीच जीवनच्या नावानं बोंबलत होते. मी म्हटलं, "लिव्ह बाप्पा तसं." आणि ताडपत्रीच्या खाली 'निर्णय झाला नाही' असं लिहून घेतलं, काट्याच्या खाली 'कोणी करावे, केव्हा, हे ठरले नाही'. वाचायला कागद दरिद्री दिसत होता. पण निदान खरा दरिद्री होता, उसना शालू नेसलेला नव्हता.

मग आम्ही दारोदार गेलो. योगिनी वाचायची, मी विचारायचे, "असंच ठरलं व्हतं ना?" एकीनंही नाही म्हटलं नाही. रुख्मिणी म्हणाली, मीच तर पहिला हात वर केला होता. तो तिनं केला नव्हता, सगळ्यात शेवटी केला होता, पण ते इतिवृत्तात येत नाही म्हणून सोडून दिलं. सगळ्यांना वाचून दाखवल्यावर मी सही केली. माझी सही मोठी असते, कागदाला जागा पुरत नाही.

आता जाळीला मालक पाहिजे होता. नवा ठराव करायचा तर सभा बोलवा, आधी नोटीस काढा, आणि सोमवार काही नोटिशीसाठी थांबत नाही. पण झालेला ठराव पाळायला कोणाची नोटीस लागत नाही.

सोमवारी सकाळी मिलपुढं ट्रॉल्यांची रांग लागली. सगळ्यात पुढं कोण, तर माझाच अविनाश. पोटचा पोरगा, आणि मिलवर आधी नंबर लावताना त्याला आई आठवत नाही.

जीवन राबियाला म्हणाला, "चल, कर सुरू."

राबिया बटनाजवळ उभी होती. हात मागं बांधलेले. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी कागद जीवनच्या हातात दिला. "विषय चार. मोठ्यानं वाच. मले कमी दिसते."

मला चांगलं दिसतं. पण त्यानं वाचायला हवं होतं. त्यानं मनात वाचायला सुरुवात केली, तर मी म्हटलं, "मनातलं ह्या लोकायच्या कानात जात नाई." मग त्यानं वाचलं. 'जाळी बसेपर्यंत मिल सुरू करू नये.' त्याच्याच आवाजात, त्याच्याच मिलपुढं. पुढचंही वाचलं, 'जाळी बसविण्याची जबाबदारी व मुदत सभेत ठरली नाही.'

अविनाश ट्रॉलीवरून म्हणाला, "आई, लोक खोळंबले ना व. घरची तूर तरी होऊ दे."

"घरची तूर घरच्या हातानं भरडतं का? मंग उतर. ये इकडं. त्या पट्ट्याखाली हात घालून फोलपट काढून दाखव, आन घेऊन जाय तुही डाळ."

तो उतरला नाही. लेकाला तेवढी अक्कल मी दिली होती.

पंजाबराव पाटील रांगेत तिसरे होते. ते म्हणाले, "अबे जीवन, बसवायची हाय त बसवत काऊन नाई बे?"

"ते माझं काम नाही," जीवन म्हणाला.

"तुहं नाई," मी म्हटलं. "माहं नाई, सुगराबीचं नाई, कडूबाचं नाई. मंग पारावरच्या मुंज्याचं हाय का? त्याले नारळ देऊ?"

लोक हसले. जीवनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी तुह्यावर लादून नाई राह्यली," मी म्हटलं. "कागदात तुहं नाव नाई, मी घालू शकत व्हती, घातलं नाई. आता सगळ्यायसमोर इचारतो. मिलचा व्यवस्थापक तू. जाळी बसवाचं काम घेतं का नाई घेत? नाई म्हन, मी दुसरा पाहतो, जसं तू राबियाले म्हनलं."

रांगेत आता कोणी हसत नव्हतं. ज्याची तूर उन्हात उभी असते, त्याला कोण चूक कोण बरोबर यात रस नसतो. त्याला एवढंच कळतं की अमुक माणूस हो म्हणाला तर आपण घरी जाऊ. सगळे जीवनकडं पाहत होते.

"घेतो," तो म्हणाला.

"कवा देशीन?"

"लवकरात लवकर."

"आठवड्यात सोमवार हाय, मंगळवार हाय. लवकर हा कोनता वार?"

"गुरुवार," तो म्हणाला. "गुरुवारी दुपारपर्यंत."

"आन बसली, बराबर बसली, हे कोन म्हनन?"

"मीच म्हणेन ना. व्यवस्थापक आहे."

"करनारा तूच आन पास करनारा बी तूच. आपल्याच पोराचा पेपर आपनच तपासाचा." मी लोकांकडं वळले. "जाळी खोटी बसली त हात कोनाचा जाईन?"

कोणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना राबियाकडं फिरल्या. योगिनी वहीत नवं पान काढून उभी होती. जुन्या इतिवृत्ताला तिनं हात लावला नाही. नव्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली आणि वर लिहिलं, पुढील सभेपुढं ठेवण्यासाठी. तिनं विचारलं, "राबियाभाभी, तपासून हो म्हणायला तुझं नाव लिहू?"

राबियानं सासूकडं पाहिलं. सुगराबी म्हणाली, "इचारते काय. लिव्ह म्हन."

"लिवा," राबिया म्हणाली.

जीवननं तिथल्या तिथं पुलीचं माप घेऊन कडूबाला फोनवर सांगितलं. मिनिटभराचं काम. वर्षभर ते मिनिट कोणाच्या नावावर नव्हतं म्हणून राहिलं होतं. ट्रॉल्या वळल्या. अविनाश माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. बोलत होता तेव्हाही घरात फार ज्ञान वाढत नव्हतं.

गुरुवारी कडूबा जाळी घेऊन आला. नवीन, निळा रंग मारलेली. वरून बसली, दोन्ही बाजूंनी बसली, बोल्ट आवळले. रांग पुन्हा लागली होती. जीवननं शर्ट बदलून घातला होता, फोटो काढायचा म्हणून. फोटो वर ऑफिसात पाठवायचा.

"झालं," तो म्हणाला. "राबिया, कर सुरू."

राबियानं बटनाकडं पाहिलंच नाही. तिनं मेन स्विच खाली केला, जमिनीवर बसली आणि झाडूची एक लांब काडी घेऊन जाळीच्या खालून आत सारली. काडी सरळ जाऊन पुलीला लागली.

"खालून उघडी हाय," ती म्हणाली.

"खाली कोण हात घालतं?" जीवन म्हणाला.

"मी घालतो. फोलपट काढाले. दर पोत्यामागं."

"मिल बंद करून काढत जा."

"तुमीच म्हनता बंद करू नको, टाइम जाते."

कडूबा म्हणाला, मला माप वरचं आणि बाजूचं दिलं होतं, खालचं कोणी सांगितलं नाही. जीवन म्हणाला, त्यात काय सांगायचं. पंजाबराव म्हणाले, आज तरी होऊ द्या, उद्या खालची पट्टी लावा. अविनाश म्हणाला, "हो, उद्या लावू." आणि मग सगळे, जीवनसकट, माझ्याकडं पाहू लागले. अध्यक्षानं मान हलवली की झालं, असा या गावाचा समज आहे, आणि तो समज मीच वाढवला आहे, कारण बाकीच्यांच्या मानेवर माझा विश्वास नाही.

"माह्याकडं काय पाह्यता," मी म्हटलं. "माहं नाव कुठं हाय? तिले इचारा."

राबिया उठली. ओढणी कंबरेला खोचलेली, हाताला धूळ. आपल्या सासऱ्याच्या वयाच्या माणसांसमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. एवढ्या लोकांची तूर तिच्या एका शब्दावर अडली होती, आणि तिला ते कळत होतं.

"नाई," ती म्हणाली. "खालची पट्टी लागन तवा."

"पाह्यलं का काकू," जीवन म्हणाला. "एवढ्यासाठी आणखी एक दिवस."

"मले काऊन सांगतं. तुह्या गुरुवारात जाळी बसली नाई, हे योगिनीनं लिवून घेतलं. नवा वार सांग."

त्यानं शुक्रवार सांगितला. आवाज बारीक होता, पण वाराचं नाव होतं, आणि योगिनीनं लिहिलं.

कडूबा शिव्या देत माप घेऊन गेला. खरं म्हणजे त्यानं जीवनलाच शिव्या दिल्या, म्हणून मी चहा पाजला. शुक्रवारी तो खालची पट्टी घेऊन आला आणि वेल्डिंग करून बसवली. राबियानं पुन्हा स्विच खाली केला, पुन्हा काडी घेतली. खालून सारली, बाजूनं सारली, मागं जाऊन सारली. कुठंच आत गेली नाही. मग तिनं पट्टीवरून तळहात फिरवला, कुठं धार राहिली आहे का ते पाहायला. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि कडूबाकडं पाहिलं. त्यानं मुकाट्यानं कानस घेतली आणि कोपरा घासला.

जीवन घड्याळ पाहत उभा होता. सुगराबी डब्यावर हात ठेवून उभी होती.

राबियानं सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं. जीवनही मागं झाला. तिनं स्विच वर केला, बटन दाबलं आणि मिल सुरू झाली. जाळीच्या आत पट्टा फिरायला लागला, तूर वरून पडली, खाली डाळ आली. तिनं वाकून पट्टीखालचं फोलपट ओढलं. पहिल्यांदा हात आखडला, मग सरळ गेला.

जीवन माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलला. मिलच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी त्याला परत विचारलंही नाही.